देऊ केलेला संग्रह नाकारायचं पत्र कसं लिहायचं: म्युझियममध्ये नवीन लागलेल्यांसाठी

म्युझियममध्ये नवीन लागलात की हे काम लवकरच तुमच्या टेबलावर येतं. कुणाच्या तरी वडिलांनी किंवा काकांनी आयुष्यभर काहीतरी जमवलेलं असतं, ते गेल्यावर घरच्यांना वाटतं की हे म्युझियमला द्यावं, ते फुकट द्यायला तयार असतात, आणि तुमच्या कमिटीत ठरतं की घ्यायचं नाही. मग पत्र लिहायला तुम्हाला सांगतात. नवीन माणूस अशावेळी गोड शब्द शोधत बसतो. पण पत्र चांगलं होतं ते निर्णय नीट झालेला असेल आणि त्याची नोंद असेल तरच, शब्दांचं काम त्यानंतरचं. म्हणून मी आधी निर्णय कसा घ्यायचा आणि लिहून ठेवायचा ते सांगते, मग पत्र.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू, म्हणजे गोंधळ होणार नाही. हे रचलेलं उदाहरण आहे पण अशी प्रकरणं खरोखर येतात. समजा तुमचं म्युझियम एका भागाच्या लोकजीवनाचं आहे. एक बाई येतात, त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि जमवायचे. १४० वॉल्व्ह रेडिओ आहेत, काही लाकडी, काही बेकेलाइटचे, आणि सोबत दुरुस्तीच्या ६ वह्या. त्यांची अट अशी की संग्रह फोडायचा नाही, वडिलांच्या नावाने एक खोली द्यायची आणि सगळं कायम मांडून ठेवायचं. नमुना म्हणून ३ रेडिओ त्या गाडीत घालून घेऊनच आल्यात.

आधी त्या ३ रेडिओंचं बघा

पत्राच्या खूप आधीची ही गोष्ट आहे, पण पुढे भांडण झालंच तर ते इथूनच होतं. वस्तू तुमच्या दारात आली याचा अर्थ ती म्युझियमची झाली असा नाही, पण कागद नसेल तर देणाऱ्याला तसंच वाटतं, आणि पाच वर्षांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला स्टोअरमध्ये ३ रेडिओ सापडतात ज्यांची नोंद कुठेच नाही आणि मालक कोण ते कुणालाच माहीत नाही. म्हणून वस्तू आत घ्यायच्या आधी तात्पुरत्या ठेवीची पावती करायची. त्यात वस्तूचं साधं वर्णन, कोणी आणली, तिचा मालक कोण (आणणारा आणि मालक एकच असेल असं नाही, वारस तीन असतील तर तिघांची नावं), कशासाठी ठेवली, आणि कधीपर्यंत परत न्यायची ती तारीख. दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांना. अॅक्सेशन रजिस्टरमध्ये मात्र काहीही चढवायचं नाही, तो नंबर पडला की वस्तू कायमची संग्रहात आली असा अर्थ होतो आणि ती बाहेर काढायची प्रक्रिया फार लांबलचक आहे.

आणि तोंडाने काय बोलता ते सांभाळा. "वा, हे तर आमच्याकडे हवंच" हे वाक्य तुम्ही कौतुकाने बोलता, समोरचा ते होकार म्हणून घरी घेऊन जातो. त्याऐवजी सरळ सांगायचं की निर्णय कमिटीचा असतो, कमिटी अमुक महिन्यात बसते, त्यानंतर लेखी कळवू, आणि बरेचदा उत्तर नाही असंही येतं. हे शेवटचं वाक्य पहिल्याच भेटीत बोललेलं असेल तर नकाराचं पत्र निम्मं हलकं होतं.

निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

आंतरराष्ट्रीय म्युझियम परिषद म्हणजे आयकॉम, तिची आचारसंहिता १९८६ मध्ये स्वीकारली गेली आणि २००४ मध्ये सुधारली, त्यात सांगितलंय की प्रत्येक म्युझियमचं लेखी आणि जाहीर संग्रह धोरण असायला हवं, वस्तूची वैध मालकी मिळत असल्याची खात्री झाल्याशिवाय ती घेऊ नये आणि तिचा पूर्वेतिहास तपासावा. तुमच्याकडे धोरण लेखी नसेल तर आधी ते करा, कारण ते नसेल तर प्रत्येक नकार हा "क्युरेटरच्या मनात नव्हतं" असा दिसतो.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न, हे आपल्या धोरणात बसतं का. दुसरा, देणारा खरंच मालक आहे का आणि वस्तू कुठून कशी आली. तिसरा, वस्तूंची अवस्था काय आणि त्यात काही धोकादायक आहे का. चौथा, आपल्याकडे असं आधीच किती आहे. मग जागा, वेळ, पैसा आणि शेवटी देणाऱ्याच्या अटी. बरेच जण उलट्या बाजूने सुरू करतात, आधी जागा बघतात, आणि तिथेच अडकतात.

आपल्या केसमध्ये हे करून बघू. धोरण म्हणतं की या भागातल्या लोकांनी वापरलेल्या आणि त्या वापराची माहिती असलेल्या वस्तू घ्यायच्या. १४० पैकी बहुतेक रेडिओ वडिलांनी भंगारातून आणि जुन्या बाजारातून घेतलेत, ते कोणाच्या घरात होते ते कुठेच लिहिलेलं नाही. फक्त ९ रेडिओंचं घर माहीत आहे. वह्या उघडल्या तर त्यात काय, तर कोणता वॉल्व्ह गेला होता, कोणता कपॅसिटर बदलला, मूळ पार्ट मिळाला नाही म्हणून त्याऐवजी काय बसवलं, सेटच्या क्रमांकासकट. म्हणजे हा संग्रह चांगलाच आहे, पण तो लोकजीवनाचा नसून दुरुस्तीच्या तंत्राचा आहे. एखाद्या रेडिओत भलताच कपॅसिटर दिसला तर तो का बसवला ते वही सांगते. हे जोडीने बघितलं तरच समजतं, आणि ते समजून घेणारा माणूस आपल्याकडे नाही, तंत्रज्ञानाच्या म्युझियममध्ये असेल.

मालकीत अडचण नाही, बाई एकट्याच वारस आहेत आणि कागद दाखवलेत. (प्राचीन मूर्ती, उत्खननातल्या वस्तू, दुसऱ्या देशातून आलेल्या वस्तू असत्या तर इथेच जास्त वेळ गेला असता. त्यासाठी युनेस्कोचा १९७० चा करार आणि तुमच्या देशाचा कायदा दोन्ही बघावे लागतात आणि शंका आली तर पत्र लिहायच्या आधी वकिलाशी बोलायचं.)

अवस्था. आणलेल्या ३ पैकी एका लाकडी सेटला बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखी पावडर. वाळवी नाही ही, लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. तो जिवंत आहे की जुना, हे असं बघायचं: भोकांभोवतीची पावडर मऊ ब्रशने पूर्ण काढून टाका, सेट काळ्या कागदावर ठेवा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत सील करा आणि बाकी संग्रहापासून लांब ठेवा. काही आठवड्यांनी कागदावर फिकट ताजी पावडर दिसली तर कीड चालू आहे असं धरायचं. आधी साफ का करायचं, तर जुन्या भोकात अडकलेली पावडर नुसत्या हलवाहलवीने पण पडते आणि ती बघून फसायला होतं. एक अडचण लक्षात ठेवा, अळी आत वर्षानुवर्षं राहू शकते आणि भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो तो एका ठराविक मोसमात, त्यामुळे कागद कोरा राहिला म्हणजे सेट निर्धोक असं लगेच म्हणता येत नाही.

आधीचा साठा. आपल्याकडे ११ रेडिओ आहेत, त्यातले ९ स्टोअरमध्ये. प्रत्येकाचं घर माहीत आहे.

जागा. इथे "जागा कमी आहे" असं मोघम लिहू नका, हिशेब करा. टेबलावरचा रेडिओ साधारण ५० सेंटीमीटर रुंद धरला, दोन्ही बाजूला हात घालून उचलता यावा एवढी मोकळी जागा सोडली, तर १२० सेंटीमीटरच्या फळीवर २ बसतात. रॅकला ४ फळ्या म्हणजे रॅकमागे ८. १४० ला १८ रॅक लागतात. शिवाय एका वस्तूचं फोटो, माप, अवस्थेची नोंद, नंबर आणि जागेवर ठेवणं यासाठी २ तास धरले तर २८० तास, रोजचे ७ तास पकडले तर एका माणसाचे ४० पूर्ण दिवस, आणि त्या दिवसात त्याने दुसरं काहीही करायचं नाही.

अटी. "कायम मांडून ठेवू" असं कुठल्याच क्युरेटरने लिहून देऊ नये. वस्तूला उजेड लागतो, धूळ लागते, गॅलरी बदलतात, आणि तुम्ही दिलेला शब्द तुमच्यानंतर येणाऱ्यांना पाळावा लागतो.

हे सगळं एका पानावर लिहून कमिटीपुढे ठेवा आणि कमिटीने काय ठरवलं, कोणत्या कारणाने, कोण हजर होतं, ते इतिवृत्तात येऊ द्या. कमिटीतल्या कुणाची देणाऱ्याशी ओळख किंवा नातं असेल तर त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसावं आणि तेही लिहावं. पत्रात तुम्ही जे सांगाल ते या कागदाशी शब्दाला शब्द नाही पण अर्थाला अर्थ जुळलं पाहिजे. कमिटीने धोरणामुळे नाही म्हटलं आणि पत्रात जागेचं कारण गेलं, हे मला अगदी चुकीचं वाटतं, भले ते ऐकायला सौम्य असो.

पत्रात कोणतं कारण द्यायचं

मला या अख्ख्या लेखात हेच सगळ्यात जास्त सांगायचंय. तुमच्याकडे आता पाच-सहा कारणं आहेत. सगळी लिहायची नाहीत, आणि सगळ्यात गुळगुळीत असलेलं पण निवडायचं नाही. प्रत्येक कारणाला विचारायचं, समजा देणाऱ्याने हे दूर केलं तर आपण घेणार का?

जागा नाही? बाई म्हणतील, १८ रॅकचे पैसे मी देते. कीड आहे? मी उपचार करून आणते. नोंदी करायला माणूस नाही? माझा भाचा मोकळाच आहे, तो येऊन बसेल. कायम मांडायची अट नको? बरं, सोडली अट. आणि हे सगळं केल्यावर तुम्ही पुन्हा नाही म्हणालात तर तुम्ही आधी खोटं बोललात असंच होतं, त्यांनी मधल्या काळात खर्चही केलेला असतो. आता धोरणाला तोच प्रश्न विचारा. या रेडिओंचा या भागातल्या घरांशी संबंध माहीत नाही, आणि ती माहिती देणारा माणूस गेला. हे कोणी दूर करू शकत नाही. म्हणून पत्रात मुख्य कारण हेच.

बाकीची कारणं लपवायची असा अर्थ नाही. एखाद्या वाक्यात सांगता येतात, पण "याशिवाय हेही बघितलं" अशा स्वरात, म्हणजे ती दूर केली तरी निर्णय बदलत नाही हे दिसलं पाहिजे. उलट कधीकधी जागा हेच खरं एकमेव कारण असतं, वस्तू अगदी हवी असते. तेव्हा तसंच लिहा, आणि जागा झाली तर परत विचार करू असंही लिहा, कारण तिथे ते खरं आहे.

दोन गोष्टी मात्र पत्रात नकोतच. एक, किंमत. संग्रह अमुक एवढ्याचा आहे किंवा फारसा किमती नाही, दोन्ही लिहायचं नाही. म्युझियमने किंमत सांगणं हे आपलं काम नाही, स्वतंत्र मूल्यमापक असतात, आणि तुमच्या लेटरहेडवरचा आकडा उद्या कोणत्याही व्यवहारात वापरला जाऊ शकतो. दुसरी, वस्तू बनावट असल्याचा किंवा चोरीची असल्याचा संशय. तो खरा असेल तर त्याचा रस्ता वेगळा, वरिष्ठ आणि कायदेशीर सल्ला. देणाऱ्याच्या पत्रात एवढंच की आमच्या नियमानुसार लागणारी पूर्वेतिहासाची कागदपत्रं उपलब्ध झाली नाहीत म्हणून स्वीकारता येत नाही.

आता पत्र

अख्खं देते, मग त्यातल्या एकेका जागेबद्दल बोलू.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या वडिलांचा १४० रेडिओंचा संग्रह आणि दुरुस्तीच्या ६ वह्या आमच्या म्युझियमला देण्याचा प्रस्ताव तुम्ही मांडलात, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या संग्रह समितीने त्यावर विचार केला. हा संग्रह आम्ही स्वीकारू शकत नाही, हे तुम्हाला कळवत आहे.

निर्णय कसा झाला ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही आणलेले ३ रेडिओ, बाकीच्यांचे फोटो आणि सगळ्या वह्या आम्ही पाहिल्या. आमच्या लेखी धोरणानुसार आम्ही या भागातल्या लोकांनी वापरलेल्या आणि त्या वापराची माहिती असलेल्याच वस्तू घेतो. वडिलांच्या संग्रहातल्या ९ रेडिओंबद्दल अशी माहिती आहे, उरलेले कोणाच्या घरात होते हे आता कळण्याचा मार्ग नाही. जागा आणि मनुष्यबळ याचाही विचार झाला, पण ते असतं तरी निर्णय हाच राहिला असता. धोरणाची प्रत सोबत जोडली आहे.

वह्या वाचताना समितीला स्पष्ट दिसलं की तुमच्या वडिलांचं काम दुरुस्तीच्या तंत्राचं आहे. कोणत्या सेटमध्ये काय बिघडलं आणि मूळ भाग न मिळाल्यावर त्यांनी काय केलं हे त्यांनी सेटच्या क्रमांकासह लिहून ठेवलं आहे. त्यामुळे रेडिओ आणि वह्या एकत्र राहाव्यात हा तुमचा आग्रह आम्हालाही योग्य वाटतो, आणि म्हणूनच त्यातल्या निवडक वस्तू आम्ही मागत नाही. वह्यांचं स्कॅनिंग करून एक प्रत आमच्या वाचनालयात ठेवायला तुमची परवानगी असेल तर आम्हाला आवडेल. मूळ वह्या तुमच्याकडेच राहतील. परवानगी द्यायची की नाही हे पूर्णपणे तुमच्यावर आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास जपणाऱ्या एका म्युझियमशी आम्ही बोललो आहोत, तुमचं नाव न सांगता. असा प्रस्ताव बघायची त्यांची तयारी आहे, स्वीकारतीलच असं नाही. तुमची इच्छा असेल तर त्यांच्या क्युरेटरचा संपर्क तुम्हाला देऊ.

दोन गोष्टी तुमच्या काळजीपोटी. एका लाकडी सेटला लाकूड पोखरणाऱ्या किडीची लागण दिसते. तो आम्ही पिशवीत बंद करून ठेवला आहे. घरातले बाकीचे लाकडी सेट तपासून घ्या आणि भोकं किंवा ताजी पावडर दिसली तर ते इतर लाकडी सामानापासून वेगळे ठेवा. आणि कोणताही सेट जाणकाराने तपासल्याशिवाय विजेला जोडू नका.

३ रेडिओ तात्पुरत्या ठेवीच्या पावतीवर आमच्याकडे आहेत. पावतीवरच्या तारखेपर्यंत तुम्ही ते घेऊन जाऊ शकता. येणं शक्य नसेल तर आम्ही ते पॅक करून पोचवू. त्यासाठी खालच्या क्रमांकावर माझ्याशी बोला.

आपली,
(नाव, हुद्दा, थेट फोन)

यातल्या काही जागा

नकार पहिल्या परिच्छेदात आहे. आभारानंतर लगेच. लोक तो शेवटी ठेवतात आणि मधे वडिलांचं इतकं कौतुक करतात की वाचणाऱ्याला वाटतं होच म्हणतायत, आणि मग "तथापि" येतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला असं चढवून खाली आणू नये. वाक्यही साधं आहे, "स्वीकारू शकत नाही". "सध्या", "तूर्तास", "या टप्प्यावर" असले शब्द घातले की दरवर्षी फोन येणार आणि तो यायलाच हवा, कारण तुम्ही आशा दिलीत.

कौतुक आहे, पण ते ठराविक आहे. "आपला अमूल्य संग्रह" असं कुठल्याही संग्रहाला लिहिता येतं आणि ते वाचलं की वस्तू कोणी उघडूनही बघितली नाही असंच वाटतं. सेटच्या क्रमांकासह बदललेल्या भागांची नोंद आहे, हे फक्त वह्या वाचलेला माणूसच लिहू शकतो. घरच्यांना सगळ्यात जास्त हेच हवं असतं, की कोणीतरी नीट बघितलं. आणि कौतुकच इथे कारणाला बळ देतं, कारण ज्या गुणामुळे संग्रह चांगला आहे त्याच गुणामुळे तो आपल्याकडचा नाही.

फक्त वह्या मागायचा मोह फार होतो. जागा घेत नाहीत, माहिती भरपूर. पण वह्या काढून घेतल्या की १४० रेडिओ मुके होतात आणि दुसरं म्युझियम ते घेण्याची शक्यता कमी होते. म्हणून प्रत मागितली, मूळ नाही. त्यातही नकाराच्या पत्रात काहीतरी मागतोय हे लक्षात ठेवून परवानगीचं वाक्य मोकळं ठेवलंय. काहींच्या मते हे मागणं दुसऱ्या पत्रात जावं, आणि देणारा अजून फार दुःखात असेल तर मीही तसंच करीन.

दुसऱ्या म्युझियमला आधी विचारल्याशिवाय त्याचं नाव सुचवू नका. नाहीतर बाई तिथे "त्यांनी पाठवलंय" म्हणून जातात, तिथूनही नाही येतं, आणि दोन्ही नकार तुमच्या खात्यावर पडतात. विचारताना देणाऱ्याचं नाव, पत्ता सांगायचा नाही, नुसतं संग्रहाचं स्वरूप. रेडिओच्या छंदाचे गट, तांत्रिक शिक्षणाच्या संस्था हे पण पर्याय असतात, विशेषतः ज्यांना वस्तू हाताळायला, उघडायला हव्यात त्यांच्यासाठी, पण तिथे वस्तू झिजणार हे देणाऱ्याला स्पष्ट सांगा.

विजेचा इशारा सहज म्हणून घातलेला नाही. जुन्या सेटमधल्या वायरचं रबर कडक होऊन तुटतं, कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, आणि काही सेटची रचनाच अशी की आतली धातूची चेसिस थेट विजेच्या लाइनला जोडलेली असते, म्हणजे उघड्या स्क्रूला हात लागला तरी शॉक बसू शकतो. काही सेटमध्ये उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉसचा पांढुरका कागद लावलेला असतो, तो घासून साफ करायचा नाही. नाकारलेली वस्तू पण कोणाच्या तरी घरात राहणार आहे, आणि धोका आपल्याला दिसलाय तर सांगणं आपल्यावर आहे.

पाठवताना आणि नंतर

पत्र पोचायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी फोन करा. फोनवर नकार सांगा, कारण एका वाक्यात, आणि सविस्तर पत्र येतंय म्हणा. फोनवर वाद घालत बसायचं नाही, आणि फोनवर पत्रात नसलेलं काही कबूल करायचं नाही. सही निर्णयाची माहिती असलेल्या माणसाचीच हवी आणि नंबर थेट त्याचा.

उत्तर बहुतेक तीनपैकी एका प्रकारचं येतं. पहिलं, "मग ते ९ तरी घ्या". हा नवा प्रस्ताव आहे, जुन्याची घासाघीस नाही. संग्रह फोडायला त्या आता तयार आहेत का ते शांतपणे विचारा, दुसऱ्या म्युझियमचं उत्तर येईपर्यंत थांबायला सुचवा, आणि तरीही द्यायचे असतील तर ९ चा वेगळा अर्ज घेऊन कमिटीपुढे ठेवा. तिथे "आधीचे ११ असताना हे ९ काय नवीन सांगतात" हाच प्रश्न असेल. दुसरं, वरून फोन येतो, कोणीतरी वजनदार माणूस विश्वस्तांशी बोलतो. अशावेळी ते एका पानाचं टिपण आणि इतिवृत्त पुढे ठेवायचं. तुम्ही एकट्याने ठरवलेलं नाही हे कागदावर असतं म्हणून तुम्हाला त्यात आवाज चढवावा लागत नाही. नवी माहिती आली असेल, उदाहरणार्थ घरांची यादी असलेली सातवी वही सापडली, तर मात्र निर्णय परत उघडायचा, आणि तो आनंदाने उघडायचा. तिसरं म्हणजे काहीच उत्तर येत नाही आणि ३ रेडिओ तसेच राहतात. पावतीवरची तारीख उलटायच्या आधी एक आठवणीचं पत्र, पोच मिळेल अशा पद्धतीने, आणि त्यात पुढे काय होईल ते लिहायचं. न नेलेल्या वस्तूचं काय करता येतं हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर असतं म्हणून ते कळेपर्यंत ना वापरायचं, ना कोणाला द्यायचं, ना गुपचूप नंबर टाकायचा.

रेडिओ नेले की मूळ पावतीवरच "परत मिळाले" म्हणून सही आणि तारीख घ्या, वस्तूंचा नेतानाचा फोटो काढा. मग पावती, टिपण, इतिवृत्ताचा उतारा, पत्राची प्रत आणि स्कॅनिंगची परवानगी मिळाली असेल तर ती, सगळं एका फाइलला लावा आणि फाइल नाकारलेल्या प्रस्तावांच्या यादीत नोंदवा. यादी ठेवाच, कारण दहा वर्षांनी कोणी त्या रेडिओंचा शोध घेत आलं तर ते कुठे गेले हे फक्त तिथेच सापडेल.